लघवी झाल्यावर मागे राहणारे थेंब

मैत्रिणींनो, आणि समोर बसलेल्या डॉक्टर मंडळींनो, आज एकाच पेशंटबद्दल बोलणार आहे. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आजार मात्र जसा होता तसाच सांगते.

वय अडतीस, शाळेत शिक्षिका, दोन मुलं. पहिल्या भेटीत ती म्हणाली, "मॅडम, मला सारखं युरिन इन्फेक्शन होतं." तीन वर्षांची फाईल होती. कल्चरचे रिपोर्ट काही वेळा पॉझिटिव्ह, काही वेळा साफ. प्रत्येक वेळी पाच-सात दिवसांच्या गोळ्या, थोडे दिवस बरं, पुन्हा जळजळ. पोटाची सोनोग्राफी दोनदा झालेली, दोन्ही नॉर्मल. मीही तिला पुन्हा गोळ्या दिल्या, पाणी जास्त प्यायला सांगितलं आणि पाठवून दिलं. चार महिन्यांनी ती परत आली, तेव्हा मी जो प्रश्न पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता तो विचारला: लघवी गळते का, आणि नेमकी कधी?

ती म्हणाली, "गळते, पण खोकताना नाही. लघवी करून उठते, साडी सारखी करते, दोन पावलं टाकते आणि मग थेंब थेंब येतात. वर्गात पोचेपर्यंत ओलं झालेलं असतं."

या उत्तरात जवळजवळ सगळं निदान आहे. खोकताना, शिंकताना गळते ती लघवी मूत्रमार्गाचा आधार सैल झाल्यामुळे गळते. घाई लागून संडासापर्यंत पोचता येत नाही, तिथे मूत्राशय अवेळी आवळलं जातं. पण लघवी पूर्ण झाल्यावर, चालायला लागल्यावर गळते, तेव्हा ती वाटेत कुठेतरी साठून राहिलेली असते. याचं एक साधं कारणही असतं. काही जणींची, विशेषतः वजन जास्त असेल किंवा मांड्या जवळ घेऊन बसायची सवय असेल तर, थोडी लघवी योनीत जाते आणि उभं राहिल्यावर बाहेर येते. पाय फाकवून, थोडं पुढे वाकून बसलं की ते थांबतं. तिचं थांबत नव्हतं, आणि शिवाय दुखत होतं.

कुठे दुखतं हे सांगायला तिला वेळ लागला. नवऱ्याजवळ जाताना दुखतं, दोन वर्षं ती ते टाळत होती. घरात भांडणं झाली होती, पण फाईलमध्ये याचा एक शब्द नव्हता, कारण कुणी विचारलंच नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. दुखणं आत खोलवर नव्हतं, दाराजवळच, पुढच्या बाजूला होतं.

आता शरीराची रचना थोडी डोळ्यांसमोर आणा. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असतो आणि तो योनीच्या पुढच्या भिंतीला चिकटून, तिच्या वरून जातो. त्याच्या भोवती, जास्त करून खालच्या दोन-तृतीयांश भागात, बारीक ग्रंथी असतात. एखाद्या ग्रंथीचं तोंड बंद झालं, तिच्यात जंतू शिरले आणि पू साठला की गळू होतं. ते गळू कधीकधी मूत्रमार्गाच्या आतल्या बाजूला फुटतं. पू निघून जातो, पण पोकळी आणि तिचं तोंड राहतं. तीच ही पिशवी, म्हणजे युरेथ्रल डायव्हर्टिक्युलम. बहुतेक बायकांमध्ये ती अशीच होते, असं आज मानलं जातं.

शेतातल्या पाटाच्या काठाला खळगा पडला की पाट बंद केल्यावरही खळग्यात पाणी राहतं आणि हळूहळू झिरपतं. लघवी करताना ही पिशवी भरते, चालताना दाबली जाते आणि थेंब येतात. साठलेल्या लघवीत जंतू वाढतात. गोळ्यांनी लघवीतले जंतू मरतात, पण खळगा तसाच राहतो, म्हणून इन्फेक्शन परत येतं. जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं आणि नंतरचे थेंब ही पुस्तकातली तीन लक्षणं. ती तिन्ही एकत्र थोड्याच जणींत दिसतात, म्हणून तिघांची वाट पाहत बसू नये.

तिला तपासणीच्या टेबलावर घेतलं. योनीच्या पुढच्या भिंतीवर, दारापासून साधारण दोन सेंटिमीटर आत, बोटाला सुपारीएवढी मऊ गाठ लागली. स्पर्श होताच ती कळवळली. हळूच, आतून बाहेरच्या दिशेला दाब दिला आणि मूत्रमार्गाच्या तोंडाशी गढूळ थेंब आला. तीन वर्षांत इतक्या तपासण्या झाल्या, पण पुढच्या भिंतीवर बोट कुणी ठेवलं नव्हतं. मीही नाही. थेंब प्रत्येकीत येतोच असं नाही, गाठही हाताला लागेलच असं नाही, तरी हात लावून बघायला एक मिनिट पुरतं.

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ही जागा नीट दिसत नाही. एमआरआयमध्ये द्रव पांढरा उजळतो, म्हणून पिशवी ठळक दिसते, आणि ती मूत्रमार्गाला कुठून कशी वेढते हेही कळतं. तिची घोड्याच्या नालासारखी दोन्ही बाजूंनी वळलेली होती. हे आधी कळणं महत्त्वाचं, नाहीतर ऑपरेशनमध्ये एक बाजू राहून जाते. आणखी एक गोष्ट एमआरआय सांगतो: आत खडा आहे का, किंवा भरीव भाग आहे का. साचलेल्या लघवीत खडे होतात. कॅन्सर फार क्वचित होतो, पण गाठ कडक लागली किंवा लघवीतून रक्त आलं तर ती शंका मनात धरायलाच हवी.

डॉक्टर मंडळींना एक विनंती. पुढच्या भिंतीवरची प्रत्येक गाठ साधी सिस्ट समजून योनीतून चीर देऊ नका. ती ही पिशवी असली तर मूत्रमार्ग आणि योनी यांच्यात कायमची वाट पडू शकते, आणि मग लघवी योनीतून गळू शकते.

पिशवी लहान असेल, त्रास कमी असेल, तर ऑपरेशनची घाई नाही. लघवीनंतर बोटानं तीच जागा दाबून पिशवी रिकामी करायला शिकवता येतं. गरोदरपणात सहसा असंच निभावून नेतात. तिला मात्र रोजचा त्रास होता. आधी इन्फेक्शन आटोक्यात आणलं, मग योनीतूनच ऑपरेशन केलं. पुढच्या भिंतीचा पदर उचलायचा, खालचा पातळ थर आडवा उघडायचा, पिशवी तिच्या तोंडापर्यंत सोडवून काढायची आणि मूत्रमार्गाचं छिद्र कॅथेटरवर बारीक टाक्यांनी शिवायचं. त्यावर एकेक थर असा बंद करायचा की टाक्यांच्या ओळी एकावर एक येणार नाहीत. नव्यानं वाट पडण्याचा धोका त्यामुळेच कमी होतो. उती पातळ वाटली तर मोठ्या भगोष्ठातली चरबी मध्ये आणून ठेवतात. तिला ती लागली.

कॅथेटर तीन आठवडे राहिलं. काढण्याआधी रंगद्रव्य भरून एक्स-रे घेतला, कुठे गळती नव्हती. पिशवीच्या तपासणीत फक्त जुनी सूज निघाली. थेंब थांबले. दुखणं जायला मात्र तीन-चार महिने लागले. जोरात शिंकल्यावर तिला आता थोडी गळते. पूर्वी नव्हतं ते हे. मूत्रमार्गाच्या आधाराजवळ काम केल्यावर असं होऊ शकतं, आणि ऑपरेशनच्या आधीच मी तिला ते सांगितलं होतं. सध्या ती ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम करते आहे. सहा महिन्यांनी पुन्हा बघू आणि पुढचं काही करायचं का ते दोघी मिळून ठरवू.