पिरॅमिड कापताना दोन नंबरचा पॉइंट कुठे हरवतो

आज एकच प्रॉब्लेम घेणार आहे, आणि तोही तुमच्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी काढलेला असेल. चौकोनी पिरॅमिड, बेसची बाजू ४० मिमी, अ‍ॅक्सिस ६० मिमी, बेस एचपीवर टेकलेला आणि बेसच्या चारही बाजू व्हीपीशी सारख्याच कोनात, म्हणजे ४५ अंशात. सेक्शन प्लेन व्हीपीला काटकोनात, एचपीशी ४५ अंशात, आणि अ‍ॅक्सिसच्या बरोबर मध्यातून जाणारं. फ्रंट व्ह्यू, सेक्शनल टॉप व्ह्यू आणि सेक्शनचा ट्रू शेप काढा. फर्स्ट अँगलमध्ये.

तुम्ही रिव्हिजनसाठी स्टेप शीट बनवता ना, त्या मी बघितल्यात. त्यात लिहिलेलं असतं "टॉप व्ह्यू काढा, फ्रंट व्ह्यू काढा, सेक्शन लाईन मारा, पॉइंट प्रोजेक्ट करा, हॅचिंग करा". आता यात चूक काहीच नाही, पण हे वाचून ड्रॉइंग होत नाही, कारण अडतं ते "पॉइंट प्रोजेक्ट करा" या तीन शब्दांतच. शीटमध्ये प्रत्येक स्टेपला लिहायला पाहिजे की पुढचा पॉइंट कुठल्या दोन रेषा छेदून मिळतो. ते लिहिता आलं नाही तर समजायचं की ती स्टेप आपल्याला येत नाही, मग अक्षर कितीही सुंदर असू दे.

चला, करूया. पहिली स्टेप, टॉप व्ह्यू. फ्रंट आधी का नाही? कारण बेस एचपीवर टेकलाय, म्हणजे त्याचा खरा आकार टॉप व्ह्यूमध्येच दिसणार, आणि जिथे खरा आकार दिसतो तिथूनच सुरुवात करायची. एक्स-वाय लाईनच्या खाली ४० मिमीवर सेंटर ओ घ्या, एवढी जागा सोडली की चौकोन लाईनला चिकटत नाही. चौकोन ४५ अंशात उभा, म्हणजे एक कर्ण आडवा, एक उभा. डावा कोपरा ए, खालचा बी, उजवा सी, वरचा डी. फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू खाली येतो, म्हणून त्यात जे एक्स-वायपासून लांब ते बघणाऱ्याच्या जवळ, म्हणजे बी हा समोरचा कोपरा आणि डी मागचा. हे आत्ताच कागदावर कोपऱ्यात लिहून ठेवा, नंतर गोंधळ होतो. कर्ण येतो साधारण ५६.६, म्हणजे सेंटरपासून प्रत्येक कोपरा २८.३ वर. हा २८.३ आकडा शीटमध्ये लिहा, पुढे दोनदा लागणार आहे.

दुसरी स्टेप, चारही कोपरे वर घेऊन फ्रंट व्ह्यू. ए डॅश आणि सी डॅश टोकाला, बी डॅश आणि डी डॅश दोन्ही एकाच जागी मधोमध, आणि ओ डॅश त्यांच्या बरोबर वर ६० वर. मागची कड ओ-डी आहे खरी, पण ती पुढच्या ओ-बीच्या मागे तंतोतंत लपते, त्यामुळे डॉटेड लाईन मारायची नाही. बरेच जण उगाच मारतात.

तिसरी स्टेप सेक्शन लाईन. अ‍ॅक्सिसवर ३० मिमी उंचीचा पॉइंट घ्या आणि त्यातून ४५ अंशाची रेषा डावीकडून उजवीकडे चढती काढा. आता इथे थांबा आणि एक गोष्ट तपासा जी कोणी तपासत नाही. रेषा डावीकडे उतरत उतरत जाते, ती डाव्या कडेला कापते की बेसला कापते? ४५ अंशात जेवढं आडवं जाल तेवढंच खाली येता. अ‍ॅक्सिसपासून ए कोपरा २८.३ लांब, आणि आपण ३० वरून निघालो, म्हणजे कोपऱ्यापर्यंत पोचलो तरी बेसच्या थोडं वरच आहोत. वाचलो, पण थोडक्यातच. रेषा डाव्या कडेला बेसपासून जेमतेम ३ मिमी वर कापते. ड्रॉइंगमध्ये तो पॉइंट बेसवर किंवा बेसच्या खाली दिसला तर तुमचा सेट स्क्वेअर सरकलाय किंवा कर्ण चुकलाय.

मग छेदनबिंदूंना नंबर द्या. डाव्या कडेवर १ डॅश, मधल्या कडांवर २ डॅश आणि ४ डॅश, दोन्ही एकाच जागी, कारण पुढची आणि मागची कड एकावर एक आहेत, आणि उजव्या कडेवर ३ डॅश. २ पुढच्या कडेवर, ४ मागच्या.

आता १ आणि ३ सरळ आहेत. १ डॅशपासून खाली प्रोजेक्टर टाका, तो टॉप व्ह्यूमधल्या ओ-ए या आडव्या रेषेला छेदतो, झाला पॉइंट १. तसंच ३ डॅशचं ओ-सीवर.

मग २ डॅशपासून खाली प्रोजेक्टर टाका. तो खाली येतो आणि येतच राहतो, कारण टॉप व्ह्यूमध्ये ओ-बी ही रेषा स्वतःच उभी आहे आणि प्रोजेक्टर तिच्यावरच पडतो, छेदणार कुठे? इथे मुलं काय करतात, अंदाजाने कुठेतरी टिंब देतात, १ आणि ३ ला जोडतात आणि शेप "बरा दिसतोय" म्हणून पुढे जातात. मागे एकाने विचारलं होतं, "सर, फ्रंट व्ह्यूमध्ये ओ डॅशपासून २ डॅशपर्यंत मोजून तेवढंच टॉप व्ह्यूमध्ये ओपासून घेतलं तर?" नाही चालणार, कारण फ्रंट व्ह्यूमधली ती रेषा ही कडेची फक्त उंची दाखवते, कड व्हीपीकडून किती पुढे आलीये ते तिच्यात दिसतच नाही. ते मोजाल तर ३० मिळेल, आणि ३० घेतलं तर पॉइंट चौकोनाच्या बाहेर पडेल, कारण बी कोपराच २८.३ वर आहे. निदान एवढं तरी कागद सांगतो.

मार्ग असा. पिरॅमिडला ३० मिमी उंचीवर आडवं कापलं असं मनात धरा. कापल्यावर काय दिसेल? लहान चौकोन, मोठ्याच्याच दिशेत, आणि त्याचे चारही कोपरे चार कडांवर, अ‍ॅक्सिसपासून सारख्याच अंतरावर. म्हणजे ओ-बीवरचं अंतर माहीत नसलं तरी त्याच उंचीवरचं ओ-सीवरचं अंतर काढता येतं, कारण ओ-सी टॉप व्ह्यूमध्ये आडवी आहे, तिथे प्रोजेक्टर छेदतो. म्हणून २ डॅशमधून आडवी रेषा उजव्या कडेपर्यंत न्या, जिथे भेटेल तिथे पी डॅश लिहा. पी डॅश खाली टाका ओ-सीवर, मिळाला पी. मग ओ सेंटर धरून ओ-पी त्रिज्येने कंपासने आर्क मारा, तो ओ-बीला जिथे कापेल तो २ आणि ओ-डीला जिथे कापेल तो ४.

तपासायचं कसं? आपण अ‍ॅक्सिसच्या मध्यावर कापलंय, म्हणजे लहान चौकोनाचा अर्धा कर्ण मोठ्याच्या निम्मा हवा, २८.३ चा अर्धा १४.१. ओ-पी मोजा, १४ च्या आसपास नसेल तर परत करा. शीटवर या स्टेपसमोर मी एवढंच लिहीन: "२ डॅश → आडवं → उजवी कड → खाली → ओ-सी → आर्क. चेक १४.१." पिरॅमिडऐवजी शंकू असला तरी हीच युक्ती चालते, तिथे त्या उंचीवर चौकोनाऐवजी वर्तुळ मिळतं, आणि ज्या जनरेटरवर प्रोजेक्टर छेदत नाही तिथे तुम्ही हेच करता. प्रिझमला मात्र ही भानगड नाही, बेस एचपीवर असला की त्याच्या उभ्या कडा टॉप व्ह्यूमध्ये नुसते पॉइंट असतात.

१-२-३-४ जोडा, पतंगासारखा चौकोन मिळेल, लांबी साधारण ३६. हॅचिंग ४५ अंशात, पातळ, २-३ मिमी अंतराने, शेवटपर्यंत सारखं. बेसच्या बाजू पण ४५ अंशातच आहेत, त्यामुळे हॅचिंगच्या रेषा त्यांना समांतर दिसतील, काही बिघडत नाही, फक्त हॅचिंग पतंगाच्या बाहेर जाऊ देऊ नका. बेसचा चौकोन आणि १-ए, २-बी, ३-सी, ४-डी हे तुकडे जाड, कारण ते शिल्लक आहेत आणि वरून दिसतात. ओपासून १, २, ३, ४ पर्यंतचे तुकडे कापून गेलेल्या भागाचे, ते पातळ ठेवा.

शेवटी ट्रू शेप. सेक्शन लाईनला समांतर एक्स वन वाय वन काढा, थोडी लांब. १ डॅश, २ डॅश, ३ डॅशमधून तिला काटकोनात प्रोजेक्टर टाका. आता त्या नव्या लाईनपासून अंतर किती घ्यायचं? टॉप व्ह्यूमध्ये तो पॉइंट एक्स-वायपासून जितका लांब तितकं. फ्रंट व्ह्यूमधून उंची उचलायची नाही, प्रोजेक्टर फ्रंट व्ह्यूमधून आलेत म्हणजे अंतर दुसऱ्या व्ह्यूमधून यायला हवं. आपल्या केसमध्ये १ आणि ३ चं अंतर ४०, कारण सेंटर ४० वर घेतलं होतं, २ चं ५४.१ आणि ४ चं २५.९. चेक पण सोपा: ट्रू शेपची लांबी फ्रंट व्ह्यूमधल्या १ डॅश ते ३ डॅशएवढीच, साधारण ५१.४, आणि रुंदी २८.३. टॉप व्ह्यूमधला पतंग ३६ चा आणि हा ५१ चा, रुंदी दोन्हीत तीच. लांबी पण तीच आली असेल तर तुम्ही टॉप व्ह्यूच पुन्हा काढलाय. हॅचिंग ट्रू शेपच्या स्वतःच्या अ‍ॅक्सिसशी ४५ अंशात घ्या, म्हणजे शीटवर ते सरळ उभं किंवा आडवं दिसेल, बघायला विचित्र वाटतं पण बरोबर आहे.

आता घरी हाच प्रॉब्लेम ३० ऐवजी २५ मिमी उंची घेऊन काढा, बाकी सगळं तेच. मगाशी ३० आणि २८.३ ची तुलना केली, तीच परत करा: २५ हे २८.३ पेक्षा कमी, म्हणजे रेषा डाव्या कडेला न भेटता बेसला भेटते, अ‍ॅक्सिसपासून २५ वर. ओ-एवर पॉइंट १ नाहीच. त्याऐवजी बेसवरच्या त्या छेदनबिंदूतून खाली प्रोजेक्टर टाकला की तो टॉप व्ह्यूमध्ये ए-बी आणि ए-डी या दोन बाजूंना कापतो, दोन पॉइंट मिळतात, एकमेकांपासून साधारण ६.६ वर, आणि सेक्शन पंचकोनी होतो. ओ-बी आणि ओ-डीवरचे पॉइंट पुन्हा आर्कनेच, फक्त या वेळी त्रिज्या १४.१ नाही, १६.५ यायला हवी. आणि ए कोपरा कापून गेलेल्या भागात गेलाय, म्हणून बेसचा तो कोपरा या वेळी पातळ ठेवायचा.