वरची कड एकच, चित्रे दोन

सोलापूरच्या पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्यात टिपलेले हे उभे छायाचित्र 4000 पिक्सेल रुंद आणि 6000 पिक्सेल उंच आहे. चादरी विणणारे एक वयस्कर कामगार डोक्यापासून पायापर्यंत त्यात दिसतात. त्यांचा एक हात मागाच्या चौकटीवर टेकलेला आहे, दुसरा सैल खाली सुटलेला आहे आणि नजर डावीकडे, मागावरच्या अर्धवट विणलेल्या चादरीकडे आहे. मात्र वर ट्यूबलाइट चमकते आहे, खाली सुताचा कचरा पसरला आहे आणि या सगळ्यात चेहरा लहान पडला आहे. तो चेहरा नेमका कोठे कातरून पुढे आणायचा, एवढाच प्रश्न आपण येथे सोडवणार आहोत.

प्रथम मोजमाप करू. चित्राच्या वरच्या कडेपासून मोजले तर डोक्याचा माथा 500 पिक्सेलवर, डोळे 850 वर आणि हनुवटी 1200 वर येते. कंबर साधारण 2600 वर आहे, आणि सैल सोडलेल्या हाताचे कोपरही जवळजवळ त्याच उंचीवर येते. उभ्या माणसाच्या बाबतीत हे सहसा असेच असते, म्हणूनच ‘कमरेपर्यंतचा फोटो’ म्हणून सरळ कमरेवर कात्री चालवली की हात नेमका कोपरात तुटतो. सांध्यावर रेषा आली की पाहणाऱ्याला अवयव तिथेच संपल्यासारखा वाटतो. दंडाच्या किंवा मांडीच्या मध्यावर कापले तर तो चौकटीबाहेरही पुढे चालू आहे, असे मन सहज मानून घेते. कोपर, मनगट, गुडघा आणि घोटा यांच्यावर कड येऊ द्यायची नाही, ती याच कारणाने. बोटांचे तर विचारूच नका. अर्धी कापलेली बोटे सगळ्यात आधी डोळ्यांत खुपतात.

येथे सुटलेल्या हाताची बोटे 3800 पर्यंत पोहोचतात आणि गुडघा 4400 च्या आसपास आहे. म्हणून खालची कड 4000 वर, बोटांच्या जरा खाली आणि मांडीवर ठेवू. आता वरची कड. डोळे वरून एक तृतीयांश उंचीवर हवेत, हा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो. पण तो येथे लावून पाहिला, तर डोक्यावर डोक्याहूनही उंच रिकामी जागा सोडावी लागते, आणि तेवढी जागा मूळ चित्रात मुळी नाहीच. तो नियम जवळून घेतलेल्या चेहऱ्यासाठी ठीक आहे. शरीर जितके जास्त दिसते, तितके डोळे चौकटीत वर सरकतात, आणि ते सरकू द्यावेत. आपण कड 250 वर ठेवू. ट्यूबलाइट बाहेर जाते, माथ्यावर डोक्याच्या साधारण एक तृतीयांश एवढी मोकळी जागा, म्हणजे हेडरूम, उरते, आणि चौकट 3750 पिक्सेल उंच होते.

चारास पाच या प्रमाणात रुंदी 3000 येते. मागावर टेकलेल्या हाताची बोटे डावीकडून 700 पिक्सेलवर आहेत, म्हणून डावी कड 500 वर आणि उजवी 3500 वर घेऊ. त्यामुळे पंजा पूर्ण राहतो आणि नजरेच्या बाजूला थोडी अधिक जागा मिळते.

आता चेहऱ्यावर भर देणारे दुसरे चित्र कातरू. खालची कड 2050 वर, म्हणजे दंडाच्या मध्याच्या थोडी खाली, आणि वरची कड पुन्हा 250 वरच. उंची 1800 झाली. डोळे वरून 600 वर, म्हणजे बरोबर एक तृतीयांशावर आले. हेडरूमचे पिक्सेल दोन्ही चित्रांत तेवढेच आहेत, बदलली ती फक्त खालची कड आणि तिच्यामुळे डोळ्यांची जागा. खांदे कापले जाऊ नयेत म्हणून हे चित्र चौरस ठेवले आहे.

याहून जवळ जायचे तर माथा कापावा लागतो. तेव्हा वरची कड केसांना जेमतेम चिकटवू नये, कारण ती चूक वाटते. 600 वर घेऊन केसांचा स्पष्ट भाग कापावा, हनुवटी मात्र पूर्ण ठेवावी. डोळे तृतीयांशावर धरले तर ती चौकट अवघी 750 पिक्सेल उंच होते आणि इंचाला 300 पिक्सेल धरून छापली तर अडीच इंचांचाच कागद भरते. उलट मांडीपर्यंतचे चित्र त्याच हिशेबाने साडेबारा इंच उंच छापता येते. भिंतीवर लावायचा फोटो त्यातूनच करावा लागेल.