ओळख करून देताना

नमस्कार श्रोतेहो.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या दोन मैत्रिणींची ओळख करून दिली. एक लातूरची, एक उदगीरची. दोघी शिवणकाम करणाऱ्या, स्वभावाने मोकळ्या. मी व्हॉट्सॲपवर तिघींचा ग्रुप केला आणि लिहिलं, "तुम्हा दोघींचं छान जमेल. बोला आता!" दोघींनी नमस्काराची खूण पाठवली. चार दिवसांनी लातूरच्या मैत्रिणीचा मला एकटीला मेसेज आला, "अगं, काय बोलायचं होतं तिच्याशी?"

ती चूक माझी होती. मी दोघींना समोरासमोर बसवलं, पण बोलण्याचं पहिलं वाक्य कुणाच्याच हातात दिलं नाही. शिवाय दोघींना विचारलंही नव्हतं. ग्रुप झाला की सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, म्हणजे मी दोघींचा नंबर न विचारता वाटून टाकला होता.

यंदा पुन्हा तशी वेळ आली तेव्हा मी सावकाश गेले. ते सगळं आज तुम्हाला सांगते. नावं सांगत नाही. एकीला ताई म्हणते, एकांना सर.

ताई माझी अंबाजोगाईची वर्गमैत्रीण. नवऱ्याची बदली झाली म्हणून परभणीला राहायला आली. फोनवर एकदा म्हणाली, "इथं ओळखीचं कुणी नाही गं. दिवस जातो, संध्याकाळ जात नाही." सर माझ्या वडिलांबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. आता निवृत्त आहेत, परभणीतच राहतात. सुट्टीच्या दिवशी ते आणि काकू टेप आणि वही घेऊन जुन्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, मोजायला जातात. परभणी जिल्ह्यात त्यांना खाद्य भरपूर: सेलू तालुक्यात वालूरची गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव आहे, जिंतूर तालुक्यात चारठाण्याची जुनी मंदिरं आणि बारव. आणि ताईच्या माहेरच्या शिवारात एक बारव आहे, तिच्या पायऱ्यांवर बसून आम्ही शाळेच्या सुट्टीत डबा खाल्लाय. हे मला आठवलं आणि वाटलं, या दोघांना बोलायला विषय आहे.

विषय सापडला म्हणजे काम झालं, असं नाही. आधी विचारायचं, आणि कुणाला आधी विचारायचं हेही ठरवायचं. मी सरांना आधी विचारलं, कारण वेळ त्यांचा जाणार होता, नकार देण्याचा हक्कही त्यांचा जास्त होता. आणि ताईला आधी सांगितलं असतं आणि मग सरांनी "नको" म्हटलं असतं, तर ती उगाच दुखावली असती. म्हणून सरांना नाव न घेता लिहिलं: "सर, माझी एक वर्गमैत्रीण नुकतीच परभणीत राहायला आली आहे. तिच्या माहेरी एक जुनी बारव आहे, तिच्याबद्दल तिला कुणाला तरी विचारायचं असेल असं वाटतं. तिची तुमच्याशी ओळख करून दिली तर चालेल का? सध्या जमणार नसेल तर तेवढं कळवा, मी तिला अजून काही बोललेले नाही."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. "नाही" म्हणायला वाट मोकळी असली की "हो" मनापासून येतं. आपल्याकडे मोठी माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत, "बघू" म्हणतात. लेखी "बघू" आलं तर तो नकार समजावा आणि विषय सोडून द्यावा. सरांचं उत्तर आलं, "अवश्य. काकूही आहेतच."

मग ताईला विचारलं. तिला मी काय सांगणार आहे ते वाचूनच दाखवलं. ती एकटी पडली आहे हे मी सरांना सांगितलं नाही, सांगणारही नव्हते. ते तिनं मला विश्वासानं सांगितलेलं, दुसऱ्याच्या कानी घालायला नव्हे. शिवाय दया म्हणून झालेली ओळख फार दिवस टिकत नाही. समोरचा चौकशी करत राहतो आणि आपण उत्तरं देत राहतो. ताई म्हणाली, "सर एकटेच असते तर मी नको म्हणाले असते. काकू आहेत तर चालेल." हे तिचं म्हणणं मी ओळखायला हवं होतं. अनोळखी पुरुषाकडे आपला नंबर जाणं बाईला अवघड वाटतं, मग तो माणूस कितीही सज्जन असो. म्हणून ग्रुपमध्ये काकूंनाही घ्यायचं ठरलं, सरांना विचारून.

इथं एक बारीक गोष्ट सांगते. ग्रुप न करता नुसता नंबर पाठवायचा असेल तर आपण संपर्क शेअर करतो. त्या संपर्काबरोबर आपण फोनमध्ये जे नाव साठवलंय तेच जातं. माझ्या फोनमध्ये ताईच्या नावापुढे "बँक, परभणी" असं लिहिलेलं होतं, तिच्या नवऱ्याच्या नोकरीवरून. तेच सरांच्या फोनवर गेलं असतं, म्हणजे तिची ओळख नवऱ्याच्या बँकेपासून सुरू झाली असती. पाठवण्याआधी काय जातंय ते पडद्यावर दिसतं, तेवढं बघून घ्यावं.

आता मुख्य मेसेज. त्यात माझी सगळ्यात मोठी अडचण झाली ती "तू" आणि "तुम्ही" यांची. ताईला मी अरेतुरे करते, सरांना अहोजाहो. एकाच मेसेजात "तू" ताईला आणि "तुम्ही" सरांना म्हटलं असतं तर ती त्यांच्यापुढे लहान झाली असती, आणि सरांनीही मग तिच्याशी विद्यार्थिनीसारखं बोलायला सुरुवात केली असती. म्हणून त्या एका मेसेजात मी तिचा उल्लेख "या" असा केला. ती हसली नाही, उलट नंतर म्हणाली की बरं वाटलं.

मेसेज असा होता: "सर, काकू, या माझ्या वर्गमैत्रीण. आम्ही अंबाजोगाईला शाळेत एका बाकावर होतो. यांच्या माहेरी एक जुनी बारव आहे, तिचा फोटो त्यांच्याकडे आहे. ताई, सर आणि काकू गेली काही वर्षं परभणी जिल्ह्यातल्या बारवा मोजून वहीत उतरवतात. ताईंनी आधी फोटो टाकावा. सर, त्या बारवेत पायऱ्या कोणत्या कोणत्या बाजूंनी उतरतात ते पाहून सांगाल का? घाई कुणालाच नाही."

त्यात काय नाही, तेही सांगते. सर म्हणजे बारवांचा चालताबोलता ग्रंथ, असं मी लिहिलं नाही. पहिल्या खर्ड्यात तसं होतं. मग वाटलं, हे वाचून सर संकोचतील, आणि ताईला वाटेल की या ग्रंथासमोर आपण काय बोलणार. माणसाची स्तुती केली की दुसऱ्याला त्याच्याशी बोलायला कठीण जातं. माणूस काय करतो ते सांगितलं की सोपं जातं. टेप आणि वही हे शब्द स्तुतीपेक्षा कामाला आले.

आणि पहिलं पाऊल कुणी टाकायचं ते नावानिशी लिहिलं. नाहीतर दोघंही दुसऱ्याची वाट बघतात. ताईला लिहायचं नव्हतं, फक्त फोटो टाकायचा होता. सरांना विचार करून उत्तर शोधायचं नव्हतं, फोटोत दिसेल ते सांगायचं होतं. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर हाताशी असावं आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघावा. "तुम्हाला इतिहासाची आवड कशी लागली?" असा मोठा प्रश्न मी टाळला, कारण त्याला अनोळखी माणसापुढे निबंध लिहावा लागतो.

मेसेज मी रात्री साडेआठला पाठवला. दुपारी पाठवलेला मेसेज माणूस घाईत बघतो, निळी खूण होते, आणि मग उत्तर द्यायचं राहून जातं. पाठवल्यावर अर्धा तास मी तिथंच होते, पण बोलले नाही.

ताईनं फोटो टाकला. बारव काटेरी झुडपांनी भरलेली, तरी पायऱ्या दिसत होत्या. सरांनी लिहिलं, "तीन बाजूंनी दिसतात. चौथ्या बाजूला काय आहे?" ताईनं उत्तर दिलं, "चौथ्या बाजूला मोटेचं पाणी पडायचा थारोळा होता, आजोबा तिथं मोटेला बैल लावायचे." मग सरांनी सांगितलं की जुन्या शिल्पग्रंथांत बारवेला एका बाजूनं वाट असेल तर तिला नंदा म्हणतात, दोन बाजूंनी भद्रा, तीन बाजूंनी जया आणि चारही बाजूंनी विजया. ताईनं लिहिलं, "म्हणजे आमची जया." त्या वाक्याला मी माझ्या खोलीत एकटीच हसले.

लक्ष ठेवायचं ते अशा वाक्यांवर. मी दिलेल्या प्रश्नाच्या बाहेरचं काही विचारलं गेलं की समजावं, आता आपली गरज कमी झाली. नुसतीच नमस्काराची खूण, "छान" आणि "धन्यवाद" अशी उत्तरं येत राहिली तर विषय चुकला. तेव्हा ग्रुपात ढकलत बसू नये. दोन-तीन दिवस थांबून एकेकाला वेगळं विचारावं, आणि दुसरा विषय नसेल तर तिथंच राहू द्यावं. माझ्या शिवणाऱ्या मैत्रिणींच्या बाबतीत मी रोज ग्रुपात काहीतरी टाकत राहिले, त्यानं दोघींना ओझं झालं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी लिहिलं, "ताई, त्या थारोळ्याचं मोजमाप घेतलं होतं का कुणी?" ताई म्हणाली, "नाही, पण दिवाळीला माहेरी जाईन तेव्हा घेते. टेप कोणता लागतो?" त्यावर काकूंनी पंधरा मीटरच्या टेपचा फोटो पाठवला आणि म्हणाल्या, "टेप आमच्याकडून घेऊन जा. पण त्याआधी रविवारी वालूरला आमच्याबरोबर चला. टोक धरायला तिसरं माणूस हवंय."

त्यानंतर त्यांचं बोलणं गाडी किती वाजता निघते आणि भाकरी कोण आणणार यावर आलं. मी "मी आता निघते" एवढं लिहिलं आणि ग्रुपमधून बाहेर पडले.