उतारावरचा ठोकळा आणि घर्षणाची ती नेहमीची चूक

नमस्कार! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "सर, ठोकळा घसरतच नाहीये, मग घर्षण किती घ्यायचं?" आज तेवढंच बघू.

आकृती पटकन काढतो. उतार, कोन θ, त्यावर ठोकळा. वजन mg सरळ खाली, उताराला लंब नाही. त्याचे दोन घटक: उताराच्या दिशेने mg sinθ, उताराला लंब mg cosθ. साइन-कोसाइनचा गोंधळ झाला तर θ शून्य करून बघा. सपाट टेबलावर खाली ओढणारं बल शून्यच हवं, म्हणजे तिथे साइन. लंब दिशेला हालचाल नाही, म्हणून उतार ठोकळ्याला लंब दिशेने जे बल लावतो ते N = mg cosθ.

आता मुद्द्याचं. २ किलोचा ठोकळा, कोन २०°, स्थितिक घर्षण गुणांक μ ०.५. खाली ओढणारं बल ६.७ न्यूटन, N १८.४ न्यूटन. इथे निम्मी मुलं लिहितात, घर्षण = μN = ९.२. अहो, थांबा! खाली ६.७ आणि वर ९.२ असेल तर ठोकळा आपणहून उतार चढायला लागेल. कधी बघितलाय असा ठोकळा?

μN ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे. घर्षण गरजेपुरतंच लागतं. इथे गरज ६.७ ची, म्हणून घर्षण ६.७.

अजून पटत नसेल तर टेबलावर ठेवलेलं पुस्तक घ्या. तिथेही μN काहीतरी येतंच, पण कुणी ढकलत नाही तोवर घर्षण शून्य. अकरावीत माझे याच चुकीपायी पूर्ण गुण गेले होते. उत्तरपत्रिकेवर बाईंनी फक्त बाण काढून विचारलं होतं, "ठोकळा कुठे चालला?" तेव्हापासून मी आधी गरज काढतो, मग मर्यादेशी ताडून बघतो.

तिसरी गोष्ट हातानेच करा. जाड पुठ्ठ्याच्या वहीवर नाणं ठेवा आणि एक कड हळूहळू उचला. कोन वाढतो तशी गरज वाढते, घर्षणही तिच्याबरोबर वाढतं, आणि N मात्र कमी होत असल्याने मर्यादा खाली येते. दोन्ही जिथे गाठ घेतात, तिथे mg sinθ = μ mg cosθ, म्हणजे tanθ = μ. आपल्या ठोकळ्यासाठी हा कोन साधारण २६.६°. त्याच्या पुढे गेलात की घसरलाच.

वस्तुमान उडालं, बघितलंत? एका कमेंटमध्ये "जड वस्तू आधी घसरते ना?" असं विचारलंय. नाण्यावर दुसरं नाणं चिकटवून बघा, कोन जवळपास तोच येतो. कोनमापकही नको. नाणं सुटलं त्या क्षणी कड ८ सेंटिमीटर वर आणि पाया २५ असेल, तर μ = ८/२५ = ०.३२.

आणि सुटल्यावर लगेच कड जराशी खाली करा. नाणं बहुतेक थांबत नाही, कारण घसरताना लागणारं गतिज घर्षण सहसा त्या कमाल मर्यादेपेक्षा कमी असतं.