स्क्विड, कटलफिश आणि ऑक्टोपस : दोन मिनिटे किंवा पाऊण तास

श्रोतेहो, नमस्कार.

माकूळ रबरासारखे चिवट झाले, ही तक्रार घरोघरी ऐकू येते, आणि दोष बहुधा माकुळाला किंवा ते विकणाऱ्या कोळणीला दिला जातो. माकूळ शिळे असेल तर ते वासावरून कळते. चिवटपणाचा मात्र शिळेपणाशी फारसा संबंध नसतो. अगदी सकाळी होडीतून उतरलेले माकूळही मध्यम आचेवर दहा मिनिटे परतले की चिवट होते. तेच दोन मिनिटांत उतरवले तर मऊ राहते आणि पाऊण तास शिजवले तर पुन्हा मऊ होते. असे का होते, हे आज सांगणार आहे. आपल्या बाजारात स्क्विड आणि कटलफिश या दोघांनाही सरसकट माकूळ म्हणतात आणि गोव्यात माणकी म्हणतात, म्हणून घोटाळा टाळण्यासाठी पुढे इंग्रजी नावेच वापरतो.

तिघेही शिंपल्याचे आणि गोगलगायीचे दूरचे नातलग आहेत. स्क्विडचे अंग लांबट नळीसारखे असते, टोकाला दोन त्रिकोणी पर असतात आणि नळीच्या आत एक पारदर्शक, लवचिक पाते निघते. कटलफिश रुंद आणि चपटा असतो, त्याच्या अंगाभोवती पराची झालर फिरलेली असते आणि पाठीत पांढरे, ठिसूळ, खडूसारखे कवच असते. पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात ते समुद्रफेन म्हणजे हेच कवच होय. या दोघांना आठ बाहू आणि शिवाय भक्ष्य पकडण्यासाठी दोन लांब शुंडा असतात. ऑक्टोपसला फक्त आठ बाहू असतात आणि अंगात हाड किंवा कवच सहसा काहीच नसते. स्वयंपाकाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक असा की स्क्विड आणि कटलफिश यांचे मांस मुख्यतः धडाच्या भिंतीत असते, तर ऑक्टोपसचे बाहूंमध्ये. स्क्विडची भिंत पातळ असते, मोठ्या कटलफिशची चांगली बोटभर जाड भरते आणि ऑक्टोपसचा बाहू तर आरपार भरीव स्नायूच असतो.

आता चिवटपणाच्या मुळाकडे येतो. बांगड्याचा किंवा सुरमईचा स्नायू आखूड पट्ट्यांचा बनलेला असतो आणि त्या पट्ट्यांमधले पडदे इतके नाजूक असतात की थोड्या आचेनेही ते विरघळतात आणि मासा पापुद्र्यांनी सुटतो. आपले हे तीन प्राणी हाडाच्या आधाराविना हालचाल करतात, त्यामुळे स्नायूला स्नायूचाच आधार घ्यावा लागतो. त्यांचे स्नायुतंतू अतिशय बारीक, मासळीच्या तंतूंच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके, असतात आणि एकमेकांना छेद देणाऱ्या थरांमध्ये घट्ट रचलेले असतात. या रचनेला बांधून ठेवते ते कोलॅजन नावाचे प्रथिन, आणि ते यांच्या मांसात माशांच्या तीन ते पाच पट असते. ऑक्टोपसच्या बाहूत तंतू लांबीला, आडवे आणि तिरके असे सगळ्या दिशांनी धावतात, म्हणून त्याचा बाहू हवा तसा वळतो, आणि म्हणूनच तिघांत तो शिजायला सर्वांत हट्टी असतो.

आच लागल्यावर दोन गोष्टी घडतात, पण एकाच वेळी नाही. प्रथम स्नायूचे प्रथिन गोठते. पारदर्शक मांस पांढरे, अपारदर्शक होते आणि खायला योग्य होते. मांसाचे तापमान साधारण ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास असेपर्यंत ते रसदार आणि किंचित करकरीत राहते. ६० अंशांच्या पुढे कोलॅजन आकसू लागते. तंतूंना सर्व बाजूंनी वेढलेले हे जाळे ओले कापड पिळावे तसे मांसातले पाणी बाहेर काढते, कडा वळतात, तुकडा लहान होतो आणि दाताखाली रबर येते. मात्र ओलसर उष्णता चालूच ठेवली तर तेच कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन होते आणि तंतू एकमेकांपासून सुटतात. हे काम मिनिटांचे नसते. त्याला पाऊण तास ते दीड तास लागतो. घरोघरी होणारे दहा-पंधरा मिनिटांचे शिजवणे नेमके मधल्या, सर्वांत वाईट टप्प्यात थांबते.

अर्धा किलो स्क्विड घरी आणले आहेत, असे धरू. डोके धरून ओढले की आतले अवयव आणि शाईची पिशवी सोबत येते. मग पाते काढावे, डोळ्यांखाली कापावे, बाहूंच्या मधली टणक चोच दाबून काढावी आणि जांभळट ठिपक्यांची साल बोटाने सोलावी. साल राहिली तर तीच आधी आकसते आणि तुकड्याला वाकवते. बोटाच्या रुंदीची कडी कापून ती कापडाने पूर्ण कोरडी करावीत. तवा किंवा तेल चांगले तापलेले असावे आणि एका वेळी मूठभरच कडी टाकावीत, कारण जास्त टाकली की तवा थंड पडतो, पाणी सुटते आणि परतण्याऐवजी ती आपल्याच पाण्यात उकडतात. कडी पांढरी झाली आणि कडा किंचित वळू लागल्या, म्हणजे साधारण एक ते दीड मिनिटात, ती उतरवावीत. मसाला आधीच वेगळा परतून ठेवावा, हे या पद्धतीत अपरिहार्य आहे.

आता समजा, लक्ष फोनकडे गेले आणि तव्यात पाणी साचलेले दिसले. अशा वेळी लोक आच मोठी करून पाणी आटवतात, आणि तिथेच फसतात. त्याऐवजी कांदा-खोबऱ्याचे वाटण आणि वाटीभर पाणी घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर चाळीस मिनिटे शिजवावे. मीठ शेवटी घालावे, कारण रस आटत जातो. अधूनमधून एक तुकडा चावून पाहावा. घड्याळापेक्षा दात अधिक खरे सांगतात.

जाड कटलफिशला झटपट पद्धत वापरायची असेल तर आतल्या बाजूने उथळ, चौकटीदार चिरा द्याव्यात. चिरांमुळे थर तुटतात आणि उष्णता लवकर आत शिरते. ऑक्टोपसच्या बाबतीत, छोटी पिल्ले सोडली तर, मी लांब वाटच धरायला सांगेन. तो आधी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवावा. आत बनणारे बर्फाचे स्फटिक तंतू फाडतात आणि ग्रीसमध्ये कोळी खडकावर आपटून जे साधतात त्याचा बराचसा भाग घरच्या घरी साधतो. किलोभर ऑक्टोपस खदखदत्या नव्हे, जेमतेम बुडबुडे येणाऱ्या पाण्यात तासभर लागतो, आणि बाहूच्या सर्वांत जाड भागात सुरीचे टोक सहज गेले की झाला. तो आटून जवळजवळ निम्मा उरतो, हे खरेदी करतानाच लक्षात ठेवावे. इटलीत पातेल्यात बाटलीचे बूच टाकायची प्रथा आहे. पण मऊपणा येतो तो वेळेमुळे, बुचामुळे नव्हे.

एक शेवटची सूचना शिळ्या उरलेल्याबद्दल. लांब शिजवलेला रस्सा दुसऱ्या दिवशी निर्धास्त गरम करावा. दीड मिनिटात उतरवलेली कडी मात्र पुन्हा तापवली की ती थेट त्या मधल्या टप्प्यात जातात, म्हणून ती फ्रिजमध्ये ठेवून लिंबू, कांदा आणि मिरची घालून थंडच खावीत.