नाही म्हटलं तरी चालतं

सोलापूरचा पूर्व भाग. दुपारची वेळ, मांडीवर सूप, सुपात तेंदूचं पान आणि तंबाखू. हात विडी वळतायत आणि कान शेजारी बसलेल्या ताईंकडे आहेत. ताई एक कागद वाचून दाखवतायत.

समजा, विडी वळणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांचा अभ्यास करायचा आहे. नळीत जोरात फुंकायचं, तेही निदान तीनदा. कुणाला क्षणभर गरगरतं. त्याआधी माहितीपत्रक द्यावं लागतं. अशा पत्रकांत अनेकदा आतल्या पानावर असं वाक्य सापडतं: ‘आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून, सहभाग नाकारल्यास आपणांस मिळणाऱ्या लाभांवर कोणताही प्रतिकूल परिणाम होणार नाही.’

नियमात बसतं, पण ऐकणारीच्या मनात वेगळंच चाललेलं असतं. नाही म्हटलं तर कारखान्यातून पान मिळेल ना? दवाखान्यात औषध देतील ना?

म्हणून हा मजकूर पहिल्या पानावर, अगदी वर आणायचा आणि तिला जी धास्ती आहे तिचं नाव घेऊन लिहायचा:

‘ही तपासणी अभ्यासासाठी आहे, तुमच्या उपचारासाठी नाही. यायचं की नाही, तुम्ही ठरवा. नाही म्हटलं तरी चालतं, कारण सांगायची गरज नाही. त्यामुळे तुमचं पान-तंबाखू बंद होणार नाही, दवाखान्यातलं औषध थांबणार नाही. आज हो म्हणून उद्या नको म्हणालात, तरी चालेल.’

अर्थात, हे लिहिण्याआधी ते खरं करून ठेवावं लागतं. कारखान्याशी बोलून घ्यायचं, आणि कोण आलं, कोण नाही, याची यादी त्यांच्या हाती जाऊ द्यायची नाही. कारखान्याचा माणूस दारात उभा असेल, तर कागद कितीही सोपा असो, फुकट आहे.

कागद जमला की नाही, हे कसं कळणार? ‘समजलं का?’ विचारलं की सगळ्याच मान डोलावतात. त्यापेक्षा विचारायचं, ‘मावशी, उद्या तुम्हाला यायचं नसलं तर काय कराल?’ ‘सांगून टाकीन, नाही येत,’ असं उत्तर आलं तर ठीक. ‘तुम्ही बोलावल्यावर यायलाच पाहिजे की,’ असं आलं, तर मावशींचं काही चुकलेलं नाही; मजकूर पुन्हा लिहायचा. घरात तेलुगू बोलणाऱ्यांसाठी तेलुगू प्रत वेगळी, आणि तिचीही अशीच परीक्षा. बदललेली प्रत नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय वापरता येत नाही.

वाचता न येणाऱ्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं साक्षीदार मागतात: लिहितावाचता येणारा, अभ्यासाशी संबंध नसलेला. अंगठ्यापुरता बोलावलेला साक्षीदार चालत नाही. वाचन सुरू होण्यापासून तो तिथे हवा. मग बाईंचा अंगठा, साक्षीदाराची सही, आणि एक प्रत बाईंच्या घरी.