अलार्म वाजला नाही, म्हणून सगळं ठीक वाटलं

(पडद्यावर: नकाशा, ओहायो, अमेरिका. कोपऱ्यात घड्याळ, २:१४)

१४ ऑगस्ट २००३, गुरुवार, दुपारचे सव्वादोन वाजत आलेत. फर्स्टएनर्जी ही इथली मोठी वीज कंपनी, आणि तिच्या कंट्रोल रूममधले ऑपरेटर आपापल्या स्क्रीनसमोर बसलेत. दीडच्या सुमाराला एक मोठं जनरेशन युनिट बंद पडलं होतं, तेवढं सोडलं तर बोर्डावर नवीन काही नाहीये, बजरही गप्प आहे.

बजर गप्प आहे कारण अलार्मचं सॉफ्टवेअर २:१४ लाच अडकलंय. एका डेटावर दोन प्रोसेस एकाच वेळी लिहायला गेल्या आणि प्रोग्रॅम गोल गोल फिरत बसला, हे कोड तपासून शोधायलाही नंतर बरेच आठवडे गेले. पण त्या क्षणी काय दिसतंय? प्रोग्रॅम चालू आहे, सर्व्हर चालू आहे, लाइनींवरचे आकडेसुद्धा येतायत. फक्त त्या आकड्यांवरून अलार्म तयार होणं थांबलंय, आणि ते थांबलंय हे सांगणारं त्या सिस्टीममध्ये काहीच नव्हतं.

२:३२ ला शेजारच्या कंपनीतून फोन येतो, तुमची-आमची जोडलाइन आत्ता ट्रिप होऊन परत लागली, तुमच्याकडे दिसलं का? ऑपरेटर बघतात, अलार्म नाही, म्हणजे आमच्याकडे काही नाही. मला या घटनेतली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच वाटते, कारण इथे माणसाने चूक केलीच नाही, त्याने अलार्मवर विश्वास ठेवला आणि त्याला तसंच शिकवलेलं होतं.

२:४१ ला मुख्य सर्व्हर पडतो. बॅकअप सर्व्हर आपोआप काम उचलतो, पण अडकलेला अलार्म प्रोग्रॅमही अडकलेल्या अवस्थेतच त्याच्यावर जातो, आणि १३ मिनिटांनी, २:५४ ला, तोही पडतो. आयटीवाल्यांना आपोआप पेज जातं, ते येतात, ३:०८ ला रीबूट करतात, सर्व्हर उभा राहतो, त्यांच्या बाजूने काम झालं. अलार्म आले का हे कंट्रोल रूमला कोणी विचारलं नाही, आणि ते आलेच नव्हते.

या सगळ्या गोंधळात स्क्रीन पण रखडल्या होत्या. एरवी १ ते ३ सेकंदांत रिफ्रेश होणारा स्क्रीन ५९ सेकंदांपर्यंत घ्यायला लागला, आणि एकातून दुसऱ्यात जाऊन बघायचं म्हटलं की प्रत्येक पायरीला परत थांबायचं.

(पडद्यावर: तीन लाइनी एकेक करून लाल)

३:०५ ला ३४५ किलोव्होल्टची पहिली लाइन झाडाला टेकून जाते, ३:३२ ला दुसरी, ३:४१ ला तिसरी. अलार्म एकाचाही नाही. ४:०५ नंतर साखळी सुरू होते आणि ४:१३ पर्यंत अमेरिकेची आठ राज्यं आणि कॅनडातलं ओंटारिओ मिळून साधारण ५ कोटी लोक अंधारात. लाइनी झाडांना टेकल्या हे मूळ कारण आहेच, फांद्या वेळेवर छाटल्या नव्हत्या, पण जवळपास दोन तास हातात होते आणि ते कोणाला दिसलेच नाहीत.

आता त्याच दुपारचा दुसरा प्रकार, जो आपल्या रोजच्या कामाला जास्त जवळचा आहे. या भागाच्या ग्रिडवर नजर ठेवणारी संस्था म्हणजे मिसो. त्यांच्याकडे स्टेट एस्टिमेटर नावाचा प्रोग्रॅम दर ५ मिनिटांनी आपोआप चालायचा आणि ग्रिडचं चित्र ताजं ठेवायचा. सव्वाबारानंतर त्याचं उत्तर चुकायला लागलं, म्हणून ॲनालिस्टने ते आपोआप चालणं बंद केलं, एकच्या सुमाराला दोष काढला, हाताने चालवून बघितलं, बरोबर आलं. ऑटोमॅटिक परत चालू करायचं राहिलं आणि तो जेवायला गेला. हे कोणाच्या तरी लक्षात आलं २:४० ला.

आपल्याकडे ज्याने cron ची एक ओळ "दोन मिनिटांसाठी" कमेंट केलीये त्याला हे वेगळं समजावायला नको.

तर उपाय काय? उलटा अलार्म. नेहमीचा अलार्म काही बिघडलं की वाजतो, हा मात्र "मी चालतोय" असा निरोप यायचा थांबला की वाजतो. रेल्वे इंजिनात हेच असतं बघा, लोको पायलटने मिनिटभर कुठल्याच कंट्रोलला हात लावला नाही की दिवा, मग बझर, मग आपोआप ब्रेक. सॉफ्टवेअरमध्ये याला हार्टबीट म्हणतात आणि लावायला एक ओळ पुरते:

```
*/5 * * * * /opt/mon/check.sh && curl -fsS -m 10 "$BEAT_URL"
```

(`BEAT_URL` म्हणजे निरोप जिथे जातो तो पत्ता, तो crontab मध्ये वरच्या ओळीत लिहायचा.)

यातलं `&&` नीट बघा. check.sh पूर्ण होऊन यशस्वी संपली तरच निरोप जातो, मध्येच मेली किंवा लटकली तर जात नाही. पुष्कळ लोक निरोप स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत टाकतात, मग फक्त स्क्रिप्ट सुरू झाली एवढंच कळतं, आणि ओहायोतला प्रोग्रॅमसुद्धा सुरूच होता की. आणि एखादा सर्व्हर डाउन सापडला म्हणून स्क्रिप्टने एरर देऊन बाहेर पडायचं नाही, तिचं तपासायचं काम तर झालं, ती बातमी वेगळ्या अलार्मने जाऊ दे.

निरोप मोजणारा दुसऱ्या मशीनवर हवा, जमलं तर दुसऱ्या नेटवर्कवर, आणि त्याचा मेसेज पाठवायचा रस्ताही वेगळा, नाहीतर मेल सर्व्हर पडला की दोघं एकदम मुके. प्रोमिथियस वापरणारे यासाठी `vector(1)` वर कायम चालू राहणारा Watchdog नावाचा अलर्ट ठेवतात, तो बाहेरच्या सर्व्हिसला जात राहतो, आणि यायचा बंद झाला की ती सर्व्हिस फोन करते. वेळ किती धरायची? दर ५ मिनिटांचं काम असेल तर १२ मिनिटं बरी पडतात, एखादा फेरा चुकला तर चालतो, सलग दोन चुकले की वाजतं. ६ मिनिटं ठेवली तर नेट जरा हललं तरी रात्री फोन, आणि आठवड्याभरात कोणीतरी तो म्यूट करतो.

म्यूटचंच घ्या, मिसोच्या प्रकारात हार्टबीट असता तरी दुरुस्ती चालू असताना ॲनालिस्टने तो आधी गप्पच केला असता. म्हणून म्यूटला शेवटची वेळ सक्तीची हवी, ३० मिनिटं, फार तर तास, त्यानंतर तो आपोआप उठेल आणि पुन्हा गप्प करायचा तर माणसाला परत येऊन बटण दाबावं लागेल.

डॅशबोर्डचं अजून एक आहे. पान उघडलं ती वेळ किंवा पान रिफ्रेश झालं ती वेळ दाखवून काही उपयोग नाही, शेवटचा खरा आकडा कधी मोजला ती वेळ लागते, आणि ती जुनी झाली की सगळे हिरवे डबे राखाडी व्हायला हवेत. ही तुलना बघणाऱ्याच्या ब्राउझरने करायची, कारण सर्व्हरच अडकला तर "डेटा जुना आहे" हे तो सांगणार कसा. (मात्र त्या पीसीचं घड्याळ बरोबर असू द्या.)

तरीही हार्टबीट एक गोष्ट पकडत नाही, स्क्रिप्ट पूर्ण चालतेय पण अलार्म माणसापर्यंत पोचत नाहीये. त्यासाठी खोटा बिघाड सोडायचा, म्हणजे एक टेस्ट पॉइंट दर तासाला मुद्दाम लाल करायचा आणि तो ऑपरेटरच्या यादीत खरंच उमटला का हे बाहेरून तपासायचं. फर्स्टएनर्जीत असा पॉइंट दर ५ मिनिटांनी उठत असता तर २:२० च्या आसपास कळलं असतं की अलार्म मेलाय, पहिली लाइन जायच्या पाऊण तास आधी.

(पडद्यावर: crontab मधली ती ओळ, पुढे # लावलेला. घड्याळ पुढे सरकतंय)

आणि हे सगळं लावल्यावर दिवसाढवळ्या, टीमला सांगून, ती cron ची ओळ बंद करून बघा आणि १२ मिनिटं थांबा. फोन कोणाचा वाजतो ते बघायचं, बरेचदा तो वर्षभरापूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असतो.